विमान त्यांनी रद्द केलं, पर्याय आपण नाकारला: पैसे परत मागणारं पत्र कसं लिहावं

फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज आला की त्यात बहुधा एक लिंक असते. ती उघडली की सगळ्यात ठळक बटण दिसतं ते पर्यायी फ्लाइट स्वीकारायचं. रिफंडचा पर्याय असतो, पण तो शोधावा लागतो. घाईतला माणूस ठळक बटण दाबून मोकळा होतो आणि नंतर कळतं की ती पर्यायी फ्लाइट दुसऱ्या दिवशी संध्याकाळची आहे, किंवा दाबोळीऐवजी मोपाला उतरणारी आहे. हा लेख ते बटण न दाबणाऱ्यांसाठी आहे: फ्लाइट कंपनीने रद्द केली, तिने दुसरी देऊ केली, तुम्ही "नको" म्हणालात आणि आता पूर्ण पैसे परत हवेत. इथे मुख्यतः भारतातल्या देशांतर्गत प्रवासाबद्दल लिहिलं आहे. परदेशातल्या फ्लाइटबद्दल शेवटाकडे थोडक्यात येईल.

या पत्राने दोनच गोष्टी पक्क्या करायच्या असतात. फ्लाइट त्यांनी रद्द केली, आणि पर्याय तुम्ही वेळेत नाकारला. या दोन गोष्टी कागदावर आल्या की पैसे नाकारायला कंपनीकडे फारसं काही उरत नाही. बहुतेकांची पत्रं मात्र मनस्तापाने भरलेली असतात. आईची तब्येत, विमानतळावरची गर्दी, काउंटरवरच्या मुलीचं बोलणं असं सगळं त्यात येतं आणि या दोनपैकी एक गोष्ट राहून जाते.

नियमातला कामाचा शब्द

भारतात विमान वाहतुकीचं नियमन डीजीसीए करतं आणि त्यांचे नियम "सिव्हिल एव्हिएशन रिक्वायरमेंट्स", म्हणजे बोलण्यातला "सीएआर", या नावाने निघतात. आपल्याला दोन लागतात. दोन्ही सेक्शन ३, सिरीज एम मध्ये आहेत. पार्ट ४ हा फ्लाइट रद्द होणं, उशीर आणि बोर्डिंग नाकारणं याबद्दल आहे. पार्ट २ तिकिटाच्या परताव्याबद्दल आहे. दोन्ही डीजीसीएच्या वेबसाइटवर फुकट मिळतात. त्यांत अधूनमधून दुरुस्त्या होतात, म्हणून पत्र लिहिण्याआधी चालू प्रत उतरवून घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या कुठल्या तरी लेखातून परिच्छेद क्रमांक उचलू नका.

पार्ट ४ सांगतो की फ्लाइट रद्द झाल्यास कंपनीने पर्यायी फ्लाइट किंवा परतावा द्यायचा, आणि यातलं काय द्यायचं ते "प्रवाशाला मान्य असेल" त्याप्रमाणे. सगळा जोर या शब्दांवर आहे. निवड तुमची आहे, कंपनीची नाही. "आम्ही पर्याय दिला होता, म्हणून आमची जबाबदारी संपली" हे उत्तर इथेच पडतं. पर्याय का नको, याचं कारणही तुम्ही द्यायला बांधील नाही. दिलं तर एका वाक्यात द्या.

पार्ट २ मधून तीन गोष्टी घ्यायच्या. क्रेडिट कार्डाने भरलेले पैसे सात दिवसांत कार्डाच्या खात्यावर परत यायला हवेत. एजंटामार्फत किंवा ट्रॅव्हल पोर्टलवरून काढलेल्या तिकिटाचे पैसे परत करायची जबाबदारीही विमान कंपनीचीच आहे, कारण एजंट हा तिचाच नेमलेला प्रतिनिधी. त्याला मुदत मात्र जास्त आहे, ती चालू प्रतीत पाहा. आणि रिफंडची रक्कम क्रेडिट शेलमध्ये, म्हणजे कंपनीकडेच पुढच्या तिकिटासाठी जमा, ठेवायची की नाही हे प्रवासी ठरवतो. कंपनीने ती आपसूक तिथे टाकायची नाही.

कोविडच्या काळातला अनुभव काहींच्या डोक्यात अजून आहे. तेव्हा कंपन्यांनी सरसकट क्रेडिट शेल दिलं होतं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १ ऑक्टोबर २०२० च्या निकालाने लॉकडाउनमधल्या तिकिटांसाठी काही कंपन्यांना ३१ मार्च २०२१ पर्यंत क्रेडिट शेलची मुभा मिळाली. ती सोय त्या परिस्थितीपुरती होती. आजच्या रद्द फ्लाइटला तिचा दाखला कुणी दिला तर त्याला तेवढंच सांगा.

परतावा आणि भरपाई यांची गल्लत करू नका

इथे पत्रं सगळ्यात जास्त फसतात, म्हणून जरा थांबतो.

परतावा म्हणजे तुम्ही भरलेले पैसे. भरपाई म्हणजे त्यावर, वेळेत न कळवल्याबद्दल कंपनीने द्यायची रक्कम. दोन्हींचे निकष वेगळे आहेत. परताव्याला फ्लाइट का रद्द झाली याच्याशी देणंघेणं नाही. धुकं असो, वैमानिक नसो, पाऊस असो, सेवा दिली नाही तर पैसे परत. भरपाईला मात्र कारण लागतं. हवामान, संप, सुरक्षेचा प्रश्न, हवाई वाहतूक नियंत्रण अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांनी फ्लाइट रद्द झाली तर भरपाई मिळत नाही. तिकीट काढताना तुमचा संपर्क नीट दिला नसेल तरीही मिळत नाही.

भरपाईचा आकडा फ्लाइटच्या ठरलेल्या वेळेवर, ज्याला ब्लॉक टाइम म्हणतात, अवलंबून असतो. एक तासापर्यंत ५,००० रुपये, एक ते दोन तासांना ७,५००, दोन तासांच्या वर १०,०००. पण प्रत्येक ठिकाणी "किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक कंपनीचं इंधन शुल्क, यातलं जे कमी असेल ते" अशी पुस्ती आहे. स्वस्तातल्या तिकिटाला म्हणूनच पूर्ण ७,५०० मिळत नाहीत.

दोन्ही मागण्या एकाच वाक्यात गुंफल्या तर काय होतं? कंपनी "खराब हवामानामुळे आम्ही असमर्थ आहोत" असं एक उत्तर पाठवते आणि त्या एका उत्तरात तुमचा परतावाही बुडाल्यासारखा दिसतो. म्हणून पत्रात परतावा आधी, स्वतंत्र मुद्दा म्हणून. भरपाई नंतर, वेगळ्या क्रमांकाखाली, आणि "परतावा यावर अवलंबून नाही" या वाक्यासह.

पहिल्या तासात: नकार नोंदवा

मोठं पत्र नंतर. आधी दोन ओळींचा ईमेल, आणि तो पर्यायी फ्लाइट सुटायच्या आत. कारण असं: बऱ्याच कंपन्यांची यंत्रणा प्रवाशाला न विचारताच पुढच्या फ्लाइटवर टाकते. तुम्ही गप्प राहिलात तर त्या दुसऱ्या फ्लाइटला तुम्ही "नो-शो" दिसता, म्हणजे तिकीट होतं पण प्रवासी आला नाही. मग रिफंड मागायला गेलात की उत्तर येतं, आपण प्रवास केला नाही, नियमाप्रमाणे फक्त कर परत मिळतील. नो-शोचा हा शिक्का एकदा बसला की काढायला महिने जातात.

ईमेल इतकाच:

"पीएनआर अमुक. आपण रद्द केलेल्या फ्लाइटऐवजी देऊ केलेली अमुक तारखेची फ्लाइट मला मान्य नाही. मी तिने प्रवास करणार नाही. माझं नाव त्या फ्लाइटवरून काढावं आणि पूर्ण रक्कम मूळ खात्यावर परत करावी."

हेच कंपनीच्या चॅटवर टाका आणि पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. फोन केलात तर संदर्भ क्रमांक मागून घ्या, पण फोनवर विसंबू नका. त्याची नोंद त्यांच्याकडे असते, तुमच्याकडे नाही.

दुसरी काळजी अॅपमधल्या नेहमीच्या "बुकिंग रद्द करा" बटणाची. ते आहे प्रवाशाने स्वतःहून रद्द करण्यासाठी. ते दाबलं तर काही ठिकाणी यंत्रणा रद्द करण्याचं शुल्क कापते आणि नोंद होते ती "प्रवाशाच्या विनंतीवरून रद्द" अशी. रिफंड नेहमी फ्लाइट रद्द झाल्याच्या मेसेजमधल्या लिंकवरूनच मागा. त्या लिंकवर "रिफंड" निवडल्यावर शेवटच्या पानावरची रक्कम आणि ती कुठे जाणार आहे हे वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथे क्रेडिट शेल आधीच निवडलेलं असू शकतं.

एका पीएनआरवर चौघं असतील आणि दोघांना पर्यायी फ्लाइट चालणार असेल, तर आधी पीएनआर वेगळा करून घ्या. नाहीतर एकाने "चालेल" म्हटलं की चौघांनीही स्वीकारलं असं धरलं जातं.

कागद

फार लागत नाहीत. ई-तिकीट, ज्यावर भाड्याची फोड असते. फ्लाइट रद्द झाल्याचा मेसेज, पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दिसेल असा. मेसेज फक्त कॉपी करून चिकटवू नका, स्क्रीनशॉटच घ्या. नकाराचा ईमेल. आणि बँक किंवा कार्डाच्या विवरणातली ती एक ओळ, बाकीच्या ओळी झाकून. विमानतळावर असाल तर काउंटरवरून फ्लाइट रद्द झाल्याचं पत्र मागा. काही कंपन्या ते वेबसाइटवरूनही देतात.

आपल्याकडे नेहमी होतं ते असं की प्रवास आईवडिलांचा, कार्ड पुण्यातल्या मुलाचं आणि मोबाइल नंबर सुनेचा. पैसे ज्या कार्डावरून गेले त्याच कार्डावर येतात, म्हणून पत्रात ते स्पष्ट लिहा. पत्र शक्यतो प्रवाशाच्या नावाने, आणि खाली एक ओळ: "माझ्या वतीने पत्रव्यवहार माझा मुलगा या ईमेलवरून करील, त्यास माझी संमती आहे." ही ओळ नसली की कंपनी "गोपनीयतेमुळे फक्त प्रवाशाशीच बोलू" म्हणते आणि आठवडा जातो.

एक उदाहरण, आकड्यांसह

समजा मुंबई-नागपूर, शनिवार १४ फेब्रुवारी २०२६, सकाळी ७ ची फ्लाइट. दोन प्रवासी, नात्यातलं लग्न त्याच दुपारी. शुक्रवारी रात्री ८.४० ला मेसेज: "परिचालनाच्या कारणामुळे" फ्लाइट रद्द. पर्याय म्हणून रविवारी संध्याकाळची जागा. लग्न उरकून सगळे परतलेले असतील तेव्हा पोचण्यात अर्थ नाही, म्हणून ९.१५ ला नकाराचा ईमेल गेला.

तिकीट कंपनीच्याच वेबसाइटवरून, क्रेडिट कार्डाने. दर प्रवाशी मूळ भाडं ३,९०० रुपये, इंधन शुल्क ४००, विमानतळ आणि सुरक्षेची शुल्कं मिळून ४५०, जीएसटी २१५. एकूण ४,९६५, दोघांचे ९,९३०. खिडकीजवळच्या सीटसाठी दोघांचे ६००. वेबसाइटने लावलेलं सुविधा शुल्क ७००. कार्डावरून गेले ११,२३०.

मागायचे किती? ११,२३०. सीटचे पैसे सोडून देऊ नका. सीट दिलीच नाही, तर तिचे पैसे कसले? आधी भरलेलं जेवण आणि जादा सामानाचे पैसे यांनाही हेच लागू. सुविधा शुल्काबाबत मात्र ओढाताण होते. कंपन्या ते परत न होणारं आहे असं अटींत लिहून ठेवतात. ते मागावं, कारण व्यवहार त्यांनी मोडला, पण तेवढ्यासाठी बाकीचे १०,५३० अडकवून ठेवू नयेत. तिकीट ट्रॅव्हल पोर्टलवरून काढलं असेल तर पोर्टलचं शुल्क पोर्टलकडे मागावं लागतं, विमान कंपनीकडे नाही.

भरपाई: मुंबई-नागपूरचा ब्लॉक टाइम एक ते दोन तासांच्या गटात, म्हणजे मर्यादा ७,५००. मूळ भाडं अधिक इंधन शुल्क ४,३००. जे कमी ते, म्हणजे दर प्रवाशी ४,३००, दोघांचे ८,६००. कळवलं ते सुटण्याच्या चोवीस तासांच्या आत, दिलेला पर्याय मान्य नव्हता, म्हणून मागणी रास्त आहे. अडचण एकच: "परिचालनाचं कारण" म्हणजे नेमकं काय? ते हाताबाहेरचं होतं की कर्मचारीच कमी पडले, हे मेसेजवरून कळत नाही. म्हणून पत्रात कारण लेखी मागायचं.

टॅक्सीचं आगाऊ भाडं, आयत्या वेळी काढलेलं रेल्वेचं तत्काळ तिकीट, हुकलेलं लग्न, हे पत्रात घालू नका. सीएआरमध्ये त्याला जागा नाही आणि ग्राहक कक्षातला माणूस ते मंजूर करू शकत नाही. पावत्या जपून ठेवा. ग्राहक आयोगात जायची वेळ आली तर त्या तिथे कामी येतील.

पत्र

ग्राहक कक्ष बहुधा महाराष्ट्राबाहेर असतो, त्यामुळे हे पत्र इंग्रजीत पाठवलं तर लवकर हातात घेतलं जातं. मराठी मसुदा आधी नीट लिहिला की इंग्रजी करणं अवघड नाही. वाक्यं मुद्दाम छोटी ठेवली आहेत.

विषय: कंपनीने रद्द केलेली फ्लाइट, पर्याय अमान्य, पूर्ण परताव्याची मागणी. पीएनआर ______

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

१. पीएनआर ______ वर मी आणि माझी पत्नी यांचं दिनांक १४ फेब्रुवारी २०२६ चं मुंबई-नागपूर फ्लाइट क्र. ______ चं तिकीट होतं. सुटण्याची वेळ सकाळी ७.००.

२. ही फ्लाइट आपल्या कंपनीने रद्द केली. तसा मेसेज १३ फेब्रुवारी रोजी रात्री ८.४० वाजता मिळाला (जोडपत्र १). बुकिंग मी रद्द केलेलं नाही.

३. आपण १५ फेब्रुवारीची फ्लाइट देऊ केली. ती मला मान्य नाही, असं मी १३ फेब्रुवारी रोजी रात्री ९.१५ वाजता ईमेलने कळवलं (जोडपत्र २). त्या फ्लाइटचं चेक-इन केलेलं नाही, बोर्डिंग पास घेतलेला नाही, प्रवास केलेला नाही.

४. डीजीसीएच्या सीएआर, सेक्शन ३, सिरीज एम, पार्ट ४ नुसार पर्यायी फ्लाइट की परतावा हे प्रवाशाला मान्य असेल त्याप्रमाणे ठरतं. मी परतावा निवडला आहे.

५. भरलेली रक्कम: तिकिटं ९,९३० रुपये, सीट ६०० रुपये, सुविधा शुल्क ७०० रुपये, एकूण ११,२३० रुपये (जोडपत्र ३ व ४). ही पूर्ण रक्कम, कोणतीही कपात न करता, मूळ क्रेडिट कार्डावर (शेवटचे चार अंक ____) परत करावी. पार्ट २ नुसार क्रेडिट कार्डासाठी मुदत सात दिवस आहे.

६. क्रेडिट शेल, व्हाउचर किंवा पुढील प्रवासाचं क्रेडिट मला मान्य नाही. ते दिलं असल्यास रद्द करून रक्कम कार्डावर पाठवावी.

७. स्वतंत्र मागणी: फ्लाइट रद्द झाल्याची सूचना २४ तासांपेक्षा कमी वेळ आधी मिळाल्याने पार्ट ४ प्रमाणे दर प्रवाशी ४,३०० रुपये, एकूण ८,६०० रुपये भरपाई द्यावी. ती नाकारायची असल्यास फ्लाइट रद्द होण्याचं नेमकं कारण लेखी कळवावं. वरील परतावा या मागणीवर अवलंबून नाही.

८. परतावा पाठवल्यावर रक्कम, तारीख आणि बँकेचा संदर्भ क्रमांक (एआरएन) कळवावा. २१ फेब्रुवारी २०२६ पर्यंत रक्कम न मिळाल्यास हे प्रकरण आपल्या नोडल अधिकाऱ्यांकडे आणि एअरसेवा पोर्टलवर नेलं जाईल.

आपला,
(नाव, मोबाइल, ईमेल)
जोडपत्रं: चार

कलम २ आणि ३ मधली शेवटची वाक्यं नुसती शोभेची नाहीत. "बुकिंग मी रद्द केलेलं नाही" हे रद्द शुल्काला उत्तर आहे, आणि "बोर्डिंग पास घेतलेला नाही" हे नो-शोला. मुदत लिहिताना "लवकरात लवकर" असं कधी लिहू नका, तारीख लिहा. यूपीआयने पैसे भरले असतील तर कलम ५ मध्ये व्यवहार क्रमांक द्या आणि कलम ८ मध्ये एआरएनऐवजी यूटीआर किंवा आरआरएन मागा. कार्ड मधल्या काळात बदललं असेल तरी रक्कम त्याच बँकेत येते. एआरएन हातात असला की बँकेला ती शोधता येते. तो नसला की कंपनी म्हणते पाठवले, बँक म्हणते आले नाहीत, आणि मध्ये तुम्ही.

परतीचं तिकीटही त्याच पीएनआरवर असेल आणि जाणंच रद्द झाल्याने ते निरुपयोगी झालं असेल, तर कलम ५ मध्ये दोन्ही बाजूंचे पैसे मागा. परतीचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर, त्यातून वेगळ्या कंपनीचं असेल, तर त्याच्यावर नेहमीचं रद्द शुल्क लागतं. लग्नसराईत स्वस्त पडतं म्हणून जाताना एक कंपनी आणि येताना दुसरी घेणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

येणारी उत्तरं

पहिलं उत्तर बहुधा आपोआप आलेलं असतं. त्यातला तक्रार क्रमांक तेवढा घ्या. खरी उत्तरं चार प्रकारची.

"आपली रक्कम क्रेडिट शेलमध्ये जमा केली आहे." उत्तर: कलम ६ पाहावं, मी संमती दिलेली नाही. त्या क्रेडिटमधून एक रुपयाही वापरू नका. वापरलंत की ते स्वीकारलंत असं दाखवता येतं.

"तिकीट एजंटामार्फत काढलं असल्याने एजंटाशी संपर्क साधावा." उत्तर: पार्ट २ नुसार परताव्याची जबाबदारी विमान कंपनीची आहे. मात्र पैसे अनेकदा एजंटाच्या खात्यात खरोखरच पोचलेले असतात आणि पोर्टलच्या वॉलेटमध्ये पडून असतात. म्हणून कंपनीला एकच प्रश्न विचारा: परतावा कोणत्या तारखेला, किती, कोणाच्या खात्यात पाठवला? उत्तर आलं की तेच पोर्टलला पाठवा. या एका प्रश्नाने कुठे अडलंय ते कळतं.

"हवामानामुळे फ्लाइट रद्द झाली, भरपाई देय नाही." यात परताव्याबद्दल चकार शब्द नसतो. रागावून भरपाईवर वाद घालत बसू नका. लिहा: भरपाईबद्दलचं आपलं म्हणणं मिळालं, कलम ५ मधल्या परताव्याला उत्तर नाही, ते द्यावं. भरपाई खरंच देय होती का हे तपासायचं असेल तर त्याच वेळी त्याच मार्गावरच्या इतर कंपन्यांची विमानं उडाली का ते फ्लाइट ट्रॅकिंगच्या वेबसाइटवर पाहा. सगळ्यांची उडाली असतील तर हवामानाचं कारण लंगडं पडतं. अर्थात तेवढ्याने ते खोटं ठरत नाही. येणारं विमान दुसऱ्या शहरात अडकलेलं असू शकतं.

"आपण पर्यायी फ्लाइटसाठी नो-शो आहात." नकाराच्या ईमेलचा स्क्रीनशॉट जोडा आणि वेळेवर बोट ठेवा. हा ईमेल नसेल तर कॉलचा संदर्भ क्रमांक किंवा चॅट शोधा. तेही नसेल तर कंपनीला उलट विचारा: पर्याय मी स्वीकारल्याची नोंद दाखवा. नियमात "प्रवाशाला मान्य" असं आहे, त्यामुळे मान्यता दाखवायचं काम त्यांचं.

सात दिवसांनंतर

प्रत्येक कंपनीच्या वेबसाइटवर नोडल अधिकारी आणि त्यावरचा अपिलेट अधिकारी यांचे ईमेल असतात, तळाशी तक्रारींच्या पानावर. मूळ पत्र आणि मिळालेली उत्तरं जोडून नोडल अधिकाऱ्याला चार ओळींचा ईमेल करा. नवं काही लिहू नका. तिथे काम झालं नाही तर अपिलेट अधिकारी.

त्याच्याबरोबरच airsewa.gov.in वर तक्रार नोंदवा. हे नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं पोर्टल आहे, अॅपही आहे. तक्रार कंपनीकडेच जाते, पण तिच्यावर मंत्रालयाची नजर असते, त्यामुळे उत्तर येतं. तिथे लांबलचक हकिकत न लिहिता पत्रातलं कलम २, ३ आणि ५ तेवढं उतरवा आणि पत्र जोडा. तक्रार समाधान न होताच "बंद" केली गेली तर पुन्हा उघडा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांकही आहे.

क्रेडिट कार्डाने पैसे भरले असतील तर आणखी एक वाट आहे, आणि ती लोक विसरतात. बँकेकडे "सेवा मिळाली नाही" म्हणून व्यवहारावर हरकत घेता येते, तिला चार्जबॅक म्हणतात. कंपनीने फ्लाइट रद्द केल्याचा मेसेज आणि परतावा मागितल्याचं पत्र एवढं बँकेला पुरेसं असतं. याला मुदत असते, म्हणून तीन महिने ईमेलचा खेळ खेळून मग बँकेकडे जाऊ नका. पंधरा-वीस दिवसांत रक्कम आली नाही की विचारा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीचं मुख्यालय कुठेही असो. मुदत दोन वर्षं. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील सक्तीचा नाही, आणि तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. इथे मात्र त्या टॅक्सीच्या आणि रेल्वेच्या पावत्या काढा, मनस्तापाची आणि खर्चाची मागणीही इथेच. ११,२३० रुपयांसाठी आयोगात जावं का, हा ज्याचा त्याचा प्रश्न. माझं मत, नोटिशीपर्यंत तरी जावं. आयोगात जाण्याआधीची लेखी नोटीस पोचल्यावर अनेक प्रकरणं मिटतात.

फ्लाइट परदेशातून असेल तर

पत्राचा सांगाडा तोच राहतो, नियमाचं नाव बदलतं. युरोपीय संघातल्या विमानतळावरून सुटणाऱ्या कुठल्याही कंपनीच्या फ्लाइटला, आणि बाहेरून तिथे येणाऱ्या युरोपीय कंपनीच्या फ्लाइटला, नियमावली २६१/२००४ लागू होते. परतावा सात दिवसांत, आणि व्हाउचर द्यायचं तर प्रवाशाच्या सहीनेच. फ्रँकफर्टहून मुंबईला भारतीय कंपनीने येत असलात तरी कलम ४ मध्ये हीच नियमावली लिहा. अमेरिकेला जाणाऱ्या, तिथून निघणाऱ्या किंवा तिथल्या अंतर्गत फ्लाइटला तिथल्या परिवहन खात्याचा नियम आहे: रद्द फ्लाइट आणि पर्याय नाकारला, तर कार्डाचे पैसे कामकाजाच्या सात दिवसांत, इतर मार्गांनी भरलेले वीस दिवसांत. तिथे मागणी न करताही परतावा यावा असा नियम २०२४ मध्ये आला, तरी पर्याय नाकारल्याचा ईमेल पाठवाच.

पैसे आले की

आकडा जुळवा. वरच्या उदाहरणात १०,५३० आले तर सुविधा शुल्क राहिलं. ९,९३० आले तर सीटचेही राहिले. आणि त्याहून कमी आले तर समजा की कुणीतरी रद्द शुल्क कापलंय, म्हणजे त्यांच्या नोंदीत अजून "प्रवाशाने रद्द केलं" असंच आहे. कमी रक्कम खात्यात आली म्हणून हक्क संपत नाही, पण गप्प बसलात तर तक्रार "निकाली" म्हणून बंद होते. त्याच दिवशी, त्याच ईमेलच्या साखळीत एक ओळ टाका: "११,२३० पैकी ९,९३० मिळाले. उरलेले १,३०० येणे आहेत. तक्रार बंद करू नये."